ऑफिसचं नेटवर्क एकदम रेंगाळलं? आधी स्विचचे दिवे बघा

टेबलाखाली पॅच कॉर्डचं एक टोक लोंबत असतं. ते बघून कुणाला तरी वाटतं की केबल निसटली आहे, म्हणून तो ती जवळच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचून देतो. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीपासून बसलेलं आहे हे कुणी पाहत नाही. झाला लूप. काही सेकंदांत सगळ्या ऑफिसचं नेटवर्क मंदावतं, प्रिंटर गायब होतात, फोनवर आवाज तुटायला लागतो, आणि बहुतेक वेळा पहिला फोन जातो तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीला.

हा दोष शोधायला महागडं साधन लागत नाही. लूप नेटवर्कचं नेमकं काय करतो ते कळलं की स्विचचे दिवे आणि दोन-तीन कमांड पुरतात. या लेखातल्या कमांड सिस्कोच्या स्विचवरच्या आहेत. बाकीच्या कंपन्यांच्या मॅनेज्ड स्विचमध्ये हीच माहिती वेब पानावर किंवा थोड्या वेगळ्या शब्दांत मिळते.

## एक फ्रेम फिरतच का राहते

ब्रॉडकास्ट फ्रेम म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठी पाठवलेला माहितीचा तुकडा. स्विचला ती मिळाली की ती ज्या पोर्टमधून आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टमधून तो ती बाहेर पाठवतो. ब्रॉडकास्ट रोजचेच असतात. अमुक आयपी पत्ता कोणाचा, हे विचारणारी एआरपीची फ्रेम किंवा चालू झालेल्या कॉम्प्युटरने पत्ता मागण्यासाठी पाठवलेली डीएचसीपीची फ्रेम, ही नेहमीची उदाहरणं.

आता स्विचचे चौथा आणि पाचवा पोर्ट एकाच केबलने जोडलेले आहेत असं समजा. चौथ्यातून बाहेर पडलेली फ्रेम पाचव्यातून आत येते. स्विचच्या दृष्टीने ती नवी फ्रेम असते, म्हणून तो ती पुन्हा सगळीकडे पाठवतो, चौथ्यातूनसुद्धा. त्याच वेळी दुसरी प्रत पाचव्यातून निघून चौथ्यात शिरते. म्हणजे एकाच फ्रेमच्या दोन प्रती उलटसुलट दिशांनी फिरू लागतात आणि प्रत्येक फेरीत बाकीच्या पोर्टवर नवी प्रत टाकत जातात. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो, तो प्रत्येक राउटरवर कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकलं जातं. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही. त्यामुळे फिरणारी फ्रेम आपणहून कधीच मरत नाही आणि नंतर येणारा प्रत्येक नवा ब्रॉडकास्ट तिच्यात भर घालतो. १०० एमबीपीएसच्या लिंकवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १,४८,८०९ मावतात, गिगाबिटवर त्याच्या दहापट. तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

मग नेटवर्क पूर्ण बंद न पडता नुसतं मंद का होतं? कारण ब्रॉडकास्टच्या या वादळाचा जोर लूपमधल्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या वाटेतल्या सर्वांत हळू लिंकवर ठरतो. लूप १०० एमबीपीएसच्या छोट्या टेबल-स्विचमध्ये असेल तर मुख्य स्विचकडे जाणाऱ्या त्याच्या अपलिंकमधून जास्तीत जास्त १०० एमबीपीएसच बाहेर पडतात. गिगाबिट पोर्टवरच्या कॉम्प्युटरसाठी हा फक्त दहा टक्के भार आहे. पण १०० एमबीपीएसचं कार्ड असलेला प्रिंटर किंवा आयपी फोन तेवढ्यानेच पूर्ण भरतो. वायफायची अवस्था सर्वांत वाईट होते, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट ब्रॉडकास्ट हवेत सोडताना मंद वेग वापरतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणून आधी वायफाय, फोन आणि प्रिंटर आडवे झाले आणि केबलवरचे कॉम्प्युटर रडतखडत चालत राहिले, तर लूपचा संशय घ्यायला हरकत नाही. लूप गिगाबिट स्विचमध्ये असेल तर असा आडपडदा राहत नाही, सगळंच ठप्प होतं.

मंदपणाचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टकडे आहे हे स्विच आलेल्या फ्रेमवरून शिकतो. तुमच्या कॉम्प्युटरची ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये फिरून मुख्य स्विचकडे परत आली की त्याला वाटतं, हा कॉम्प्युटर आता लूपच्या बाजूला गेला. मग तुमच्यासाठी आलेलं उत्तर तो तिकडे पाठवतो आणि ते हरवतं. तुमच्या कॉम्प्युटरने पुन्हा काही पाठवलं की नोंद दुरुस्त होते, पुढची फिरती फ्रेम आली की पुन्हा बिघडते. म्हणूनच एखादं पान उघडतं, दुसरं अडकतं, आणि तक्रार करणाऱ्याला "कधी चालतं, कधी नाही" यापलीकडे काही सांगता येत नाही.

## पहिली तपासणी: बाहेर की आत

केबलने जोडलेल्या विंडोज कॉम्प्युटरवरून स्वतःच्या राउटरला पिंग करा. राउटरचा पत्ता `192.168.1.1` असेल तर:

```
ping -t 192.168.1.1
```

निरोगी नेटवर्कवर उत्तर एखाद्या मिलिसेकंदात, सलग आणि न चुकता येतं. कधी `time=3ms`, लगेच `time=740ms`, मग दोन वेळा `Request timed out` असं दिसत असेल तर बिघाड बहुधा तुमच्या भिंतींच्या आत आहे. इंटरनेटच्या लाइनचा दोष असता तर राउटरपर्यंतचं पिंग स्वच्छ आलं असतं. ही खिडकी उघडीच ठेवा, पुढे केबल काढताना हिचाच उपयोग होतो.

## दिवे कसे वाचायचे

रॅकसमोर उभं राहून निदान अर्धा मिनिट नुसतं पाहा. नेहमीच्या कामात दिव्यांची लुकलुक विस्कळीत असते: एक पोर्ट जोरात, दुसरा मधूनमधून, चार पोर्ट जवळजवळ शांत. ब्रॉडकास्टचं वादळ असलं की लिंक असलेले सगळे दिवे एका तालात आणि सारख्याच वेगाने फडफडतात, कारण प्रत्येक फ्रेमची प्रत प्रत्येक पोर्टमधून जात असते. काही स्विचवर ही फडफड इतकी जलद असते की दिवा सलग पेटल्यासारखा दिसतो.

दिव्याच्या वेगावर मात्र भरवसा ठेवू नका. बऱ्याच स्विचमध्ये लुकलुकण्याचा वेग एका मर्यादेपुढे जातच नाही, त्यामुळे दहा टक्के आणि शंभर टक्के भार सारखाच दिसू शकतो. खात्रीची खूण शोधायची ती निवांत पोर्टवर. रजेवर असलेल्या माणसाचा चालू ठेवलेला कॉम्प्युटर किंवा तासभर कुणी न वापरलेला प्रिंटर निवडा. तोही बाकीच्यांच्या तालात फडफडत असेल तर त्याच्याकडे जाणारी फ्रेम त्याची नाहीच, ती सगळ्यांकडे जाते आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी मल्टिकास्टने इमेज टाकली जात असेल किंवा कॅमेरे मल्टिकास्ट पाठवत असतील आणि स्विचवर मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टकडे पाठवणारी आयजीएमपी स्नूपिंगची सोय बंद असेल, तरी दिवे असेच तालात नाचतात. तसं काही चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.

दिव्याचा रंगही सांगतो, पण त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचवर स्थिर अंबर दिवा म्हणजे पोर्ट फ्रेम पुढे पाठवत नाही, बहुधा लूप तोडणाऱ्या स्पॅनिंग ट्रीने अडवलेला आहे. केबल लावल्यावर सुमारे ३० सेकंद अंबर राहून मग हिरवा होणं नेहमीचंच आहे. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर तोच अंबर दिवा फक्त लिंकचा वेग दाखवत असेल, तेव्हा रंगाचा अर्थ पुस्तिकेत पाहूनच धरा.

## केबल काढत लूप गाठणं

एक उदाहरण घेऊ. मुख्य स्विच २४ पोर्टचा आणि मॅनेज्ड आहे. २१ ते २४ या पोर्टवरून चार अपलिंक निघतात: हिशेब विभाग, विक्री विभाग, मीटिंग रूम आणि राउटर. सगळे दिवे तालात आहेत आणि पिंग उड्या मारतंय.

आधी पोर्टचे फोटो काढा. कोणती केबल कुठे होती हे नंतर आठवणार नाही, आणि परत लावताना नवा लूप व्हायचा धोका असतो. मग २१ ची केबल काढून दहा सेकंद थांबा. दिवे तसेच आहेत? ती परत लावा आणि २२ काढा. तेही व्यर्थ गेलं. २३, म्हणजे मीटिंग रूमची केबल काढताच मुख्य स्विचचे दिवे विस्कळीत होतात आणि पिंग एक मिलिसेकंदावर येतं. वादळ ओसरायला वेळ लागत नाही, वाट तुटली की फिरत्या फ्रेम तिथेच संपतात.

आता घाईने "मीटिंग रूममध्ये लूप आहे" असं ठरवू नका. केबल काढलेल्या स्थितीतच तिकडच्या स्विचचे दिवे जाऊन बघा. ते अजूनही तालात फडफडत असतील तर लूप तिथेच, त्या स्विचच्या आत किंवा त्याच्या पलीकडे आहे. मुख्य स्विचपासून तुटूनही फ्रेम तिथे फिरतच राहिली आहे. ते शांत झाले असतील तर जी केबल काढली ती स्वतःच वर्तुळाचा भाग होती. म्हणजे त्या खोलीतून मुख्य स्विचकडे यायला आणखी एक वाट आहे: भिंतीतला दुसरा सॉकेट, किंवा शेजारच्या विभागाच्या स्विचला जोडलेली एखादी केबल. नवखे इथेच जास्त चुकतात, तिथे नसलेल्या लूपच्या शोधात टेबलाखाली तासभर घालवतात आणि दुसरी वाट भिंतीत तशीच राहते.

आपल्या उदाहरणात मीटिंग रूमचे दिवे फडफडत राहतात. टेबलाखाली आठ पोर्टचा अनमॅनेज्ड स्विच आहे. त्याच्या केबल एकेक करून हाताने मागोवा घेत बघा, नुसत्या नजरेने नको. चौथ्या पोर्टमधली केबल टेबलाच्या पायाला वळसा घालून पाचव्यात परत आलेली सापडते. एक टोक काढा, मग २३ ची केबल परत लावा, पिंग बघा.

आयपी फोन असलेल्या ठिकाणी आणखी एक जागा तपासा. फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडचा आणि एक कॉम्प्युटरसाठी, आणि फोनच्या आत छोटा स्विच असतो. दोन्ही पोर्टच्या केबल भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये लावल्या की फोनमधूनच लूप पुरा होतो.

या सगळ्यात स्विच बंद-चालू करायचा मोह टाळा. रीबूटनंतर मिनिटभर सगळं छान चालतं, कारण फिरत्या फ्रेम पुसल्या गेलेल्या असतात. मग पहिली एआरपी फ्रेम निघते आणि वादळ परत उठतं. त्या मिनिटभराच्या शांततेवरून "स्विच खराब झालाय" असा निष्कर्ष निघतो आणि चांगला स्विच बदलला जातो.

## स्विचच्या आत डोकावणं

वादळात मॅनेज्ड स्विचचा प्रोसेसरही दमतो, त्यामुळे वेब पान किंवा एसएसएच उघडेलच असं नाही. कन्सोल केबल हाताशी ठेवा. सिस्कोवर तिचा मूळ वेग ९६०० असतो. आत गेलात की आधी लॉग बघा:

```
show logging
```

लूप असेल तर बहुधा अशी ओळ सापडते:

```
%SW_MATM-4-MACFLAP_NOTIF: Host 001a.2b3c.4d5e in vlan 1 is flapping between port Gi0/7 and port Gi0/23
```

वर सांगितलेली फसवी नोंद ती हीच. एकच मॅक पत्ता दोन पोर्टमध्ये उड्या मारतोय. अशा पाच-दहा ओळी वाचा आणि प्रत्येकीत कोणता पोर्ट सारखा येतो ते शोधा. `Gi0/7` च्या जागी वेगवेगळे पोर्ट येतात, कारण वेगवेगळे कॉम्प्युटर आहेत, पण `Gi0/23` प्रत्येक ओळीत आहे. लूप त्या बाजूला. केबल उपटत बसण्यापेक्षा ही वाट झटपट आहे, म्हणून लॉग बघता येत असेल तर सुरुवात इथूनच करा.

एखादं नादुरुस्त नेटवर्क कार्डही ब्रॉडकास्टचा मारा करू शकतं. फरक ओळखायचा तर कॉम्प्युटरवर वायरशार्क पाच सेकंद चालवून थांबवा, जास्त नको, फाइल फुगत जाते. फिल्टर हा:

```
eth.dst == ff:ff:ff:ff:ff:ff
```

आता डीएचसीपीची एखादी फ्रेम उघडून तिचा ट्रान्झॅक्शन आयडी पाहा. तोच आयडी हजारो वेळा दिसला तर ती एकच फ्रेम फिरते आहे, म्हणजे लूप. आयडी सतत बदलत असतील आणि पाठवणारा मॅक पत्ता एकच असेल तर ते यंत्रच बिघडलेलं आहे.

## स्पॅनिंग ट्रीने हे अडवलं का नाही

लूप आपोआप तोडण्यासाठी स्पॅनिंग ट्री आहे. रेडिया पर्लमन यांनी ती १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना तयार केली. स्विच दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाची छोटी फ्रेम पाठवतात, त्यावरून एक रूट स्विच ठरतो, आणि रूटकडे जाणारी एकच वाट ठेवून जास्तीचे पोर्ट अडवले जातात. तिची स्थिती अशी बघा:

```
show spanning-tree vlan 1
```

```
Interface  Role Sts Cost Prio.Nbr Type
Gi0/7      Desg FWD 4    128.7    P2p
Gi0/9      Back BLK 4    128.9    P2p
Gi0/22     Altn BLK 4    128.22   P2p
```

`BLK` दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते काम झाल्याची खूण आहे. लक्ष द्यायचं ते `Role` कडे. `Altn` म्हणजे रूटकडे जायची दुसरी वाट, जी बहुतेकदा मुद्दाम ठेवलेली राखीव केबल असते. `Back` म्हणजे या स्विचची स्वतःचीच बीपीडीयू त्याच्याकडे परत आली. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये `Back` जवळजवळ नेहमी चुकीच्या केबलमुळे येतं. वरच्या नमुन्यात ७ आणि ९ हे पोर्ट बाहेर कुठे तरी एकमेकांना जोडले गेलेत. वादळ झालं नाही तरी ती केबल काढायलाच हवी.

टेबलाखालच्या लूपच्या वेळी मात्र स्पॅनिंग ट्री गप्प राहू शकते. अनमॅनेज्ड स्विच स्वतः बीपीडीयू पाठवत नाही. काही मॉडेल दुसऱ्याची बीपीडीयू पुढे जाऊ देतात, काही ती गिळतात. पुढे जाऊ देणारा स्विच असेल तर मुख्य स्विचला स्वतःची बीपीडीयू परत मिळते आणि तो पोर्ट अडवतो. गिळणारा असेल तर मुख्य स्विचला लूपचा पत्ताच लागत नाही, त्याला दिसतो फक्त ब्रॉडकास्टचा पूर. याशिवाय काही स्वस्त स्मार्ट स्विचवर स्पॅनिंग ट्री मुळातच बंद असते, आणि कुणी पोर्टवर `bpdufilter` लावून ठेवलं असेल तर त्या पोर्टपुरती ती बंदच म्हणायची. अंबर दिवा नको म्हणून ते लावणारे भेटतात. तसं आढळलं तर काढून टाका.

## पुढच्या वेळी एकच पोर्ट बंद पडावा म्हणून

आधी मुख्य स्विचला रूट करा. प्राधान्याचा मूळ आकडा सगळीकडे ३२७६८ असतो आणि बरोबरी झाली की लहान मॅक पत्त्याचा स्विच जिंकतो, जो बऱ्याचदा सर्वांत जुना असतो. आकडा ४०९६ च्या पटीत कमी करता येतो:

```
spanning-tree mode rapid-pvst
spanning-tree vlan 1 priority 4096
```

मग कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन आणि टेबल-स्विच जिथे लागतात त्या सगळ्या पोर्टवर:

```
interface range GigabitEthernet0/1 - 20
 spanning-tree portfast
 spanning-tree bpduguard enable
 storm-control broadcast level 1.00
 storm-control action shutdown
```

`portfast` मुळे पोर्टला ३० सेकंद थांबावं लागत नाही. `bpduguard` मुळे त्या पोर्टवर एक जरी बीपीडीयू आली तरी पोर्ट बंद होतो. बीपीडीयू गिळणाऱ्या स्विचसाठी शेवटच्या दोन ओळी आहेत: पोर्टमधून आत येणारा ब्रॉडकास्ट त्याच्या क्षमतेच्या एक टक्क्याच्या वर गेला, म्हणजे गिगाबिटवर १० एमबीपीएस झाला, की पोर्ट बंद. आपल्या उदाहरणातला मीटिंग रूमचा पोर्ट २३ या १ ते २० मध्ये येत नाही, पण त्यावर थेट अनमॅनेज्ड स्विच असल्याने त्यालाही याच ओळी लावा. मॅनेज्ड स्विचकडे जाणाऱ्या अपलिंकवर यांतलं काहीही लावू नका, नाहीतर एका लूपपायी अख्खा विभाग तुटेल. काही कंपन्यांच्या स्विचवर `लूप डिटेक्शन` किंवा `लूप प्रोटेक्शन` अशी वेगळी सोय असते. ती स्वतःची चाचणी-फ्रेम पाठवून ती परत येते का पाहते, म्हणून बीपीडीयू गिळणाऱ्या स्विचमागचा लूपही तिला सहसा सापडतो.

सेटिंग केल्यावर ऑफिस रिकामं असताना मुद्दाम लूप करून बघा. टेबल-स्विचचे दोन पोर्ट एका केबलने जोडा आणि मुख्य स्विचवर हे चालवा:

```
show interfaces status err-disabled
```

यादीत फक्त २३ दिसायला हवा आणि कारणाच्या रकान्यात `bpduguard` किंवा `storm-control`. तेवढ्या एका शब्दावरून तुमचा टेबल-स्विच बीपीडीयू पुढे पाठवतो की गिळतो, हेही समजतं. यादी रिकामी असेल आणि दिवे तालात नाचत असतील तर केबल काढा आणि पोर्टचा क्रमांक व सेटिंग पुन्हा तपासा. पोर्ट बंद झाला असेल तर आधी लूपची केबल काढा, मग त्या पोर्टवर `shutdown` आणि त्यानंतर `no shutdown` द्या. क्रम उलटा झाला तर पोर्ट चालू होताच पुन्हा बंद पडतो.